सगळं काढा!

माझ्या लॅपटॉपला डॉक आहे, ही गोष्ट मी घरी आलेल्या पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगून टाकतो. लॅपटॉप तसा म्हातारा आहे, पण डॉकची एक वायर खोचली की मोठा मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वेबकॅम, बाहेरची हार्डडिस्क आणि स्कॅनरवाला प्रिंटर असा सगळा गोतावळा त्याला एका दमात येऊन चिकटतो, आणि मग खुर्चीत मागे रेलून मी उगाचच कुठल्या तरी मोठ्या हापिसात असल्यासारखा घसा खाकरतो. एका सकाळी असाच घसा खाकरून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:

```
Remove disks or other media.
Press any key to restart
```

लॅपटॉपला सीडीचा खण नाही. फ्लॉपी घरात शोधायची तर माळ्यावर चढावं लागेल. काढू काय? कळ दाबली, यंत्र पुन्हा सुरू झालं आणि पुन्हा तेच म्हणालं. मी मान हलवून जाहीर केलं, की आतली हार्डडिस्क गेली. आता नवी घ्यायची म्हणजे चारपाच हजाराला फोडणी.

"अहो, ते काढा म्हणतंय ना? मग काढा की," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली.

संगणक दुरुस्तीवाले पहिल्यांदा हेच करतात हे मला माहीत होतं, फक्त ते पोळपाटाकडून ऐकायची तयारी नव्हती. नियम सोपा: यंत्र पूर्ण बंद करायचं, यूएसबीला लटकलेलं सगळं उपटायचं, डॉक सोडवायचा, मेमरी कार्डाचे खाचे बघायचे, आणि उघडंबोडकं यंत्र सुरू करायचं. तरीही रडलं तर दुखणं आतलं. सुरू झालं, तर बाहेरच्या कुणीतरी दार अडवलंय.

मी डॉक सोडवला. लॅपटॉपच्या कडेचा खाचा दाबला, तर टक्‌ करून चक्क एक कार्ड बाहेर आलं. "सापडला चोर!" म्हणून मी ते दोन बोटांत धरून मुलीला दाखवायला नेलं. तिने ते उलटंपालटं केलं. "बाबा, हे नुसतं प्लास्टिक आहे. धूळ जाऊ नये म्हणून लॅपटॉपबरोबरच येतं."

ते प्लास्टिक खिशात टाकून मी बटण दाबलं आणि लॅपटॉप निमूट सुरू झाला. म्हणजे हार्डडिस्क धडधाकट होती आणि गुन्हेगार डॉकवर किंवा डॉकच्या पलीकडे होता. इथवर माझं डोकं बरं चाललं होतं. पुढे काय केलं, तर चालू लॅपटॉपला डॉक लावला, मग एकेक वस्तू जोडत गेलो, प्रत्येक वस्तू चालते असं बघितलं, मॉनिटर उजळला, प्रिंटरनेही पान काढून दाखवलं, आणि "लूज कनेक्शन होतं" असं निदान करून मी हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पांढरी अक्षरं.

खोड सगळी यंत्र सुरू होतानाची. एकदा विंडोज गादीवर बसलं, की कुणाकडून सुरुवात करायची हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा कुठलीही वस्तू जोडा, ती सभ्यपणेच वागणार. म्हणून दर वेळी बंद करायचं, एकच वस्तू जोडायची, सुरू करून बघायचं, मग पुढची. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. तरी रविवारची दुपार त्यात घातली. नुसता डॉक: सुरू. डॉकवर हार्डडिस्क, जिच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता: सुरू. वेबकॅम, कीबोर्ड, माउस: सुरू. प्रिंटरची वायर: सुरू! सगळा गोतावळा जागेवर आणि लॅपटॉप गुणी बाळासारखा चालू. सोमवारी सकाळी पुन्हा अक्षरं. मी डॉकला शिव्या दिल्या, वीजमंडळाला दिल्या, अमावास्या आहे का तेही कॅलेंडरात पाहिलं.

"हिला शाळेचं काही छापून न्यायचं असतं ना, त्याच दिवशी तुमचं बिनसतं," बायको म्हणाली. "मी सकाळी उठल्या उठल्या प्रिंटर चालू करून ठेवते. तो बराच वेळ घरघरत बसतो."

मी तिच्याकडे बघत राहिलो. रविवारी प्रिंटरची वायर मी जोडली होती खरी, पण वीज वाचवावी म्हणून प्रिंटर बंदच ठेवला होता. बंद प्रिंटर वायरीला कितीही लटकला, तरी लॅपटॉपच्या लेखी तो नसतोच. मी घरातल्या सर्वांची झडती घेतली होती आणि एका झोपलेल्याला निर्दोष सोडलं होतं.

प्रिंटर चालू करून लॅपटॉप सुरू केला: अक्षरं. वायर काढली: सुरू. पुन्हा जोडली: अक्षरं. मग प्रिंटरच्या पुढची ती छोटी झडप उघडली, जी आम्ही धूळ पुसतानाही उघडत नाही. आत कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड होतं. हे मात्र प्लास्टिक नव्हतं.

या जातीच्या प्रिंटरमधला कार्डाचा खाचा लॅपटॉपला आणखी एक यूएसबी डिस्क म्हणूनच दिसतो. त्यात गेल्या दिवाळीत पेनड्राइव्हवरून विंडोज घालताना मी सुरुवातीच्या क्रमात यूएसबीला पहिला नंबर दिला होता आणि तो तसाच ठेवला होता. जुन्या पद्धतीचं बायोस डिस्कचा सुरुवातीचा ५१२ बाइटचा तुकडा वाचतं. त्याच्या शेवटी ठरलेली खूण दिसली, की त्यातल्या इवल्याशा प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवतं. ते कार्ड मी कधीकाळी विंडोजमध्ये फॉरमॅट केलेलं. अशा कार्डावर विंडोज एक प्रोग्रॅम लिहून ठेवतं, ज्याला आयुष्यात एकच काम असतं: इथे विंडोज नाही, मला काढा, हे सांगणं. म्हणजे काळ्या पडद्यावरून इतके दिवस माझ्याशी लॅपटॉप बोलतच नव्हता. ते कार्ड बोलत होतं, आणि सारखं माझं नाव घेऊन सांगावं तसं सांगत होतं.

कार्ड काढलं. F2 दाबून आतल्या डिस्कला पहिला नंबर परत दिला. आता खाच्यात कुणी काहीही विसरलं तरी चालेल. (यंत्र अक्षरांपर्यंत न येता कंपनीच्या चिन्हावरच गोठत असेल, तर नुसत्या नंबरावर विसंबू नये. तिथे बायोस एखादी वस्तू ओळखता ओळखताच अडकलेलं असू शकतं, आणि यंत्र सुरू होईपर्यंत ती वस्तू बाहेर ठेवणं हाच खात्रीचा उपाय.)

कार्डावर भाच्याच्या मुंजीचे फोटो निघाले. हे कार्ड मेहुण्याने हरवलं, असं मी दोन वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत आलो होतो. बायकोने काही न बोलता फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी क्षमा वगैरे मागून सगळे फोटो त्याला पाठवले. प्रत्येक फोटोत गुरुजींची पाठ होती, मागे केळीचा खांब होता, एकदोनांत माझा अंगठाही होता. बटू कुठेच नव्हता.

थोड्या वेळाने मेहुण्याचा निरोप आला, "भावजी, ते मीच हरवलं होतं असंच सांगत चला."