शोरूम कंडिशन

तळवड्यातल्या जुन्या दुचाकींच्या विक्री-व्हिडिओंना दाद द्यायलाच हवी. 'सिंगल हँड, शोरूम कंडिशन' एवढ्यावर एमएच १४ ची अख्खी कुंडली उरकते. इंजिन आधीच तापवलेलं असतं, त्यामुळे गार इंजिनाची कुरकुर आणि पहिल्या किकचा निळा धूर गिऱ्हाइकाला छळत नाही. उरलेली खडखड गाण्याखाली झाकली जाते. याच न्यायाने पुढच्या व्हिडिओत गाडीही दाखवू नये. चावी आणि गाणं पुरे.

काही विघ्नसंतोषी मात्र गार सायलेन्सरवर हात ठेवूनच चित्रीकरण सुरू करतात. मग कट न मारता सेल्फ, धूर, झिजलेला मागचा टायर, घासलेला फुटरेस्ट, किलोमीटरचा आकडा, थकलेली चलनं आणि बँकेचा कागद. 'हप्ते संपलेत, मग कागद कसला?' या प्रश्नालाही उत्तर तयार: बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. कोणी म्हणेल, अशाने भाव पडतो. पडतोच की! घरी येऊन धूर पाहिल्यावरही तेवढाच पडतो, फक्त वर चहा पाजावा लागतो.

तरी थोरवी पहिल्या विक्रेत्याचीच. तो फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, 'नावावर सावकाश करा' म्हणतो आणि पैसे मोजून घेतो. नोंद बदलेपर्यंत नव्या स्वाराने तोडलेल्या प्रत्येक सिग्नलचं चलन त्याच्याच नावावर येतं.