न दिलेल्या ऑर्डरची तक्रार कशी बुडवावी

सकाळी ब्रोकरकडून ईमेलने कॉन्ट्रॅक्ट नोट येते. सौदा झाल्यापासून चोवीस तासांत ती पाठवणं ब्रोकरला बंधनकारक आहे, म्हणून ती येतेच. नवशिक्याने ती उघडू नये. उघडलीच तर ऑर्डरची वेळ आणि ऑर्डर नंबर हे रकाने सोडून फक्त खालची रक्कम बघावी. मी तसंच केलं. 300 शेअर, भाव 418, एकूण 1,25,400 रुपये आणि वर थोडा खर्च. ऑर्डरची वेळ 11:42. त्या वेळी मी पुतणीच्या लग्नात अक्षता टाकत होतो, पण हे सुचायला तीन आठवडे गेले.

दुसरी पायरी: लिहू नये, फोन करावा. डीलर म्हणतो, "काका, मीच घेतले तुमच्यासाठी. वर आले की काढून देतो." हे ऐकून बरं वाटलं पाहिजे. मग तो व्हॉट्सॲपवर तेच लिहून पाठवतो आणि आपण खाली "ठीक आहे" टाकायचं. अंगठ्याचं चित्रही चालतं.

(भाव चुकला अशी तक्रार असेल तर वेगळा खेळ. ‘बाजारभावाने घ्या’ म्हणून सांगितलं असेल तर मिळेल तो भाव आपलाच. पण 412 ची मर्यादा दिली असेल, तर एक्स्चेंज त्याहून महाग सौदा जुळवतच नाही. तरीही 418 ला खरेदी झाली असेल, तर टर्मिनलवर कुणीतरी दुसराच आकडा टाकलाय. ब्रोकरकडच्या ऑर्डर लॉगमध्ये तो दिसतो. तो मागू नये.)

ऑर्डर ग्राहकानेच दिली, याचा पुरावा ब्रोकरने जपायचा, असं सेबीने 2018 मध्ये परिपत्रक काढून सांगितलं आहे: फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, सही केलेला कागद, काहीही. वाद झाला तर सिद्ध करायचं ओझं ब्रोकरवर. म्हणून ज्याला तक्रार बुडवायची आहे त्याने त्याच दिवशी ब्रोकरच्या तक्रार ईमेलवर "अमुक ऑर्डर नंबरची ऑर्डर मी दिलेली नाही, रेकॉर्डिंग पाठवा" हे एवढंसं वाक्य कधीही पाठवू नये. पाठवलं आणि उत्तर पटलं नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार जाते, तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर स्मार्ट ओडीआरवर समेट, नाहीतर लवाद. उगाच मनस्ताप.

मी भाव 371 वर आल्यावर लिहिलं. 14,100 रुपयांचा तोटा, तक्रार दोन पानांची, लग्नाचा फोटो जोडलेला. रेकॉर्डिंग त्यांच्याकडे नव्हतंच. उत्तर मात्र चार ओळींचं आलं, सोबत माझ्याच "ठीक आहे"चा स्क्रीनशॉट, आणि खाली: ‘ग्राहकाने व्यवहारास मान्यता दिली असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.’