शब्द तुकोबांचे, चाल कुणाची?

‘सुंदर ते ध्यान’ गायलं, कॅराओके ट्रॅक लावला, व्हिडिओ चॅनेलवर चढवला. दुसऱ्याच दिवशी यूट्यूबचा क्लेम आला. ओळखीतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "काका, अभंग तुकोबांचा! त्यावर हक्क कुणाचा असणार?"

तिचं अर्धं बरोबर आहे. तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण ती जी चाल गायली ती श्रीनिवास खळ्यांची, लतादीदींच्या आवाजात घरोघरी पोचलेली. आपल्या कायद्यात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. खळेकाका 2011 साली गेले. म्हणजे ही चाल 2071 संपेपर्यंत मोकळी होत नाही. संत साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे असले, तरी चाल कालपरवाची आहे.

एका गाण्यात तीन वेगळ्या मिळकती असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक तीन असू शकतात. आपण नव्याने गायलो की मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो, पण चालीचा तसाच उरतो. आणि कॅराओके वापरला तर तिसरी मिळकतही परक्याचीच, कारण तो ट्रॅक कुणीतरी वाजवून मुद्रित केलेला असतो. तो फुकट उतरवता आला म्हणून वापरायची मुभा मिळत नाही. खाली ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असं लिहिण्याला कायद्यात काडीची किंमत नाही. ती ओळ काढून टाका.

म्हणून मी तिला सांगितलं, पेटी, तबला, तानपुरा स्वतः वाजवून घे. त्याने निदान ध्वनिमुद्रण तरी तुझं होईल.

तिने घरातच केलं. पंखा आणि फ्रिज बंद, भिंतीला गोधड्या. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’ची फुंकर थेट आदळत नाही. सगळ्यात वरचा सूर लावून पाहिला आणि मीटरचा काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही इतकाच गेन ठेवला. आवाज एकदा फाटला की तो नीट सांधता येत नाही. हळू आलेला मात्र नंतर वाढवता येतो.

तरीही पहिला टेक वाया गेला. तिने कानाला सैल हेडफोन लावला होता, त्यातली पेटी झिरपून माइकमध्ये शिरली. गाण्याचा ट्रॅक एकटा ऐकला आणि दोन ओळींमधल्या शांततेत पेटी ऐकू आली, तेव्हा कळलं. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतल्यावर ते थांबलं. तबला पेटीच्या सुराला लावला, मगच मुद्रित केला, कारण मिक्सिंगमध्ये बेसूर तबला सुरात येत नाही.

मिक्सिंगमध्येही तिने हात आवरला. गाण्याच्या ट्रॅकमधली 80 हर्ट्झखालची गुरगुर काढली, तानपुरा इतका खाली ठेवला की बंद केल्यावरच जाणवावा. शेवटी सगळं ठोकून मोठं करायचा मोह टाळला. यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतो. तुम्ही दाबून मोठं केलेलं तो लहान करतो, आणि दाबलेली तान दाबलेलीच राहते.

आता चाल. कायद्याच्या 31सी कलमात कव्हरसाठी सोय आहे: मूळ मुद्रण झालं ते वर्ष सरून 5 वर्षं झाली की आगाऊ सूचना देऊन, स्वामित्वधन भरून नवं ध्वनिमुद्रण करता येतं. पण किमान 50,000 प्रतींचं स्वामित्वधन दरवर्षी द्यावं लागतं, आणि कलम बोलतं फक्त ध्वनिमुद्रणाचं. व्हिडिओला ते लागू नाही. छोट्या चॅनेलला ही वाट परवडत नाही. उरते ती लेखी परवानगी: संगीतकाराच्या वारसांकडून किंवा ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिच्याकडून. तोवर क्लेम आला तर हक्कधारक जाहिरातीचं उत्पन्न घेऊ शकतो किंवा व्हिडिओ बंदही करू शकतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. व्हिडिओ चढवताना ‘Checks’ या टप्प्यावर तो बहुधा आधीच दिसतो. तिथे थांबून वाचा, मगच प्रकाशित करा.

तिने पत्र पाठवलं आहे. उत्तर येईपर्यंत ती तुकोबांचाच दुसरा अभंग स्वतःच्या चालीत बांधते आहे. त्यात शब्द सर्वांचे, चाल तिची, मुद्रणही तिचं.

माइक चालू करण्याआधी कागदावर तीन नावं लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचं. एखादी जागा रिकामी राहिली, तर त्या दिवशी रियाज करा, रेकॉर्डिंग नको.