सेम टू सेम

(वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लोकलचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप बनतं. तिथल्या प्रॉडक्ट मॅनेजरांनी शुक्रवारी संध्याकाळी ‘सगळ्या फोनवर पिक्सेल टू पिक्सेल सेम दिसलं पाहिजे’ असं तिकीट टाकलं आणि स्वतः सहाची फास्ट पकडली. डेव्हलपरचं उत्तर आमच्या हाती लागलं. नावं गाळून ते जसंच्या तसं देत आहोत.)

साहेब,

तुमचं तिकीट मिळालं. प्रायॉरिटी ‘अतितातडीची’ आहे. गेल्या महिन्यातली बाकीची तिकिटंही अतितातडीचीच होती, त्यामुळे हे रांगेत उभं आहे.

तक्रार अशी की, डिझाइनच्या पडद्यावर आठ गाड्या दिसतात आणि डोंबिवलीत तुमच्या आईंच्या फोनवर पाचच. तीन गाड्या कुठे गेल्या, असं तुम्ही विचारलंय. मध्य रेल्वेवर हा प्रश्न रोजचाच, पण या वेळी रेल्वेचा दोष नाही.

डिझाइन तुमच्या आयफोनच्या मापाने, म्हणजे ३९० रुंदीवर केलंय. आईंचा अँड्रॉइड फोन ३६० रुंदीचा आहे. ‘पण खोक्यावर १०८० लिहिलंय,’ असं तुम्ही म्हणाल. ते काचेखालच्या खऱ्या ठिपक्यांचं माप. अ‍ॅप मोजतं ते वेगळ्या हिशेबी पिक्सेलमध्ये. आईंच्या फोनवर असा एक पिक्सेल म्हणजे तीन खरे ठिपके, म्हणून १०८० भागिले ३, बरोबर ३६०. माझ्याही फोनच्या खोक्यावर १०८०च आहे, पण तिथे भागाकार २.६२५ ने होतो आणि रुंदी निघते ४११. खोक्यावर एकच आकडा आणि आत ५१ पिक्सेलचा फरक.

आता एका ओळीचा हिशेब मांडतो. दोन्ही कडांना मिळून ३२ सोडले. वेळेला ७२, फलाटाच्या आकड्याला ५६ आणि मधल्या फटींना २४. तुमच्या फोनवर गाडीच्या नावाला उरतात २०६. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हे नाव १६ च्या अक्षरात साधारण २०० घेतं, म्हणजे बसतं. आईंच्या फोनवर उरतात १७६. नाव दुसऱ्या ओळीत जाणारच. १९९६ पर्यंत व्हीटी होतं, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडलं गेलं. नाव मोठंच असायला हवं, खोट रकान्यात आहे. डिझायनरने मात्र नमुन्यातल्या आठही गाड्या ‘ठाणे’ लोकल ठेवल्या आहेत. त्याच्या पडद्यावर काहीच का तुटत नाही, हे त्यावरून कळतं.

शिवाय आईंनी सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सर्वांत मोठं केलंय. त्यांच्या फोनवर ते १.३ पट होतं. १६ चं जवळपास २१ झालं, वेळेचा आणि फलाटाचा रकानाही फुगला आणि नावाला उरले १३७. त्यात जेमतेम दोन शब्द मावतात. म्हणून नाव दोन ओळींत, ओळीची उंची ६४ वरून ९४, आणि वरच्या पट्ट्या वगळून उरलेल्या ४७० च्या जागेत पाच गाड्या. त्या बाईंना पाच गाड्या चष्म्याशिवाय वाचता येताहेत. तुम्हाला आठ हव्या आहेत, न वाचता येणाऱ्या.

‘मग अख्खा पडदाच चित्रासारखा आक्रसून बसव,’ असं तुम्ही मीटिंगमध्ये सुचवलंत. जमेल. १६ चं अक्षर १४.८ होईल आणि आईंनी कितीही मोठं केलं तरी ढिम्म हलणार नाही. सगळीकडे सेम दिसेल, हे खरं. पण ज्यांना दिसत नाही त्यांनाही ते सेमच दिसेल.

‘आपला एकच फॉन्ट घाला,’ हाही मुद्दा होता. फॉन्ट दिला नाही तर अँड्रॉइडवर बहुतेकदा नोटो सान्स देवनागरी येतो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला. तिघांची रुंदी वेगळी, वेलांटी-उकाराला लागणारी जागाही वेगळी. म्हणून मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ मी आधीच घातलाय. त्याने अक्षरांचा चेहरा सारखा झाला. पण काचेवर ते रंगवण्याचं काम फोनची यंत्रणा करते, आणि प्रत्येकीची कडा गुळगुळीत करायची रीत निराळी.

दोन गाड्यांमधली रेघ माझ्या फोनवर जाड दिसते, हा तुमचा मुद्दा क्रमांक चार. रेघ एक पिक्सेलची आहे. माझ्या फोनवर तिचे खरे ठिपके होतात २.६२५. पाव किंवा अर्धा ठिपका पेटवता येत नाही, तेव्हा फोन दोन पेटवतो किंवा तीन. इथे पिक्सेल टू पिक्सेल ही मागणी माझ्या आळसामुळे नाही, अपूर्णांकामुळे अडलीय. आणि हो, तुम्ही फूटपट्टी लावलेला स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवरून आला होता. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. तो पुरावा ग्राह्य नाही.

साहेब, तुम्ही घोडबंदर रोडला घर घेतलंत तेव्हाचा सँपल फ्लॅट आठवा. दारांना पानं नव्हती, कपाटं नव्हती, पलंग मापापेक्षा लहान होता आणि आत कोणी राहत नव्हतं. डिझाइनचा पडदा तोच आहे. ताबा मिळाल्यावर माणसं सामान घेऊन येतात. कोणी मोठं अक्षर आणतं, कोणी मराठी, कोणी ‘डिस्प्ले साइझ’ वाढवून ३६० ची ३२० करून ठेवतं.

म्हणून ‘सेम’ऐवजी काय चालेल आणि काय नाही, ते ठरवू या. वेळ आणि फलाट क्रमांक कधीही कापला जाणार नाही, दोन ओळींत तुटणार नाही. त्यांना जेवढी लागेल तेवढी रुंदी आधी, उरलेली गाडीच्या नावाला. नाव दोन ओळींत गेलं तर तो बग नाही. नावाच्या शेवटी तीन टिंबं आली तर तो बग, कारण ‘छत्रपती शिवाजी…’ एवढ्यावर गाडी टर्मिनसला जाते की विमानतळाला, हे कळत नाही. बटण ४८ पेक्षा बुटकं नको, कारण दारात लटकलेल्या माणसाला एकच अंगठा मोकळा असतो. तपासणी तीन रुंदींवर, ३२०, ३६० आणि ४१२, आणि प्रत्येकीवर एकदा नेहमीच्या अक्षरात, एकदा सर्वांत मोठ्या. अशा सहा पडद्यांवर हे नियम टिकले तर तिकीट बंद.

तपासायला कंपनीने फोन दिलेले नाहीत. सकाळच्या फास्टमधल्या आमच्या ग्रुपने स्वतःचे दिले. मुंब्र्याच्या आत पाच जणांच्या हातांत चार रुंदी निघाल्या. एकालाही शेजाऱ्याच्या फोनवर वेगळं दिसतंय याचं दुःख नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न एकच : फलाट बदललाय का?

आपला,
डेव्हलपर

(सोमवारी सकाळी साहेबांचं उत्तर आलं, तेही जसंच्या तसं.)

मेल वाचला. मुद्दे पटले. एकच गंभीर गोष्ट. ‘साहेब, तुम्ही घोडबंदर’ इथपर्यंतची ओळ माझ्या लॅपटॉपवर एका ठिकाणी तुटते आणि मोबाइलवर दुसऱ्याच ठिकाणी. क्लायंटला असा मेल जाता कामा नये. नवीन तिकीट टाकलंय. अतितातडीचं आहे.