पुसून टाकणारे शेठ

निरोपाच्या सामोशांची चटणी सुकायच्या आत गेलेल्या माणसाचं खातं डिलीट करणारे शेठ प्रत्येक छोट्या धंद्यात असतात. त्यांच्या लेखी ऑफबोर्डिंग म्हणजे एक बटण. गूगल वर्कस्पेसचा पडदा बिचारा विचारतो, की याच्या फायली कोणाच्या नावावर करू? शेठ 'नको' म्हणतात आणि हात झटकतात, कारण माणूसच नको तर त्याच्या फायली कशाला! थकबाकीची शीट अख्खं ऑफिस वापरत असलं, तरी ती गेलेल्या अकाउंटंटच्या मालकीची असते, हे त्यांच्या गावीही नसतं.

समजा, तो 31 मार्चला गेला. 11 एप्रिलला जीएसटीआर-1 भरायला बसल्यावर शेठना कळतं की पोर्टलवर मोबाइल नंबर त्याचाच आहे आणि ओटीपी त्याच्याच खिशात वाजतोय. ज्याला हाकलल्यागत पुसलं, त्यालाच मग "बेटा, जेवलास का?" असा फोन जातो. ओटीपी मिळतो, रिटर्न जातं, शेठ नंबर बदलायचं विसरतात. थकबाकीची आठवण होते ती 25 तारखेला, वसुलीची पोरं "शीट उघडत नाही" म्हणतात तेव्हा. डिलीट केलेलं खातं परत आणायला गूगल 20 दिवस देतं. ते 20 तारखेलाच संपले. आता कोणाकडून किती येणं आहे, ते गिऱ्हाइकांनाच विचारायचं.

शेठ म्हणतील, खातं ठेवलं आणि त्याने गिऱ्हाइकांची यादी पळवली तर? भीती खरी आहे, पण तिचं औषध कुलूप आहे. पासवर्ड बदलायचा, सगळीकडून साइन-आउट करायचं, रिकव्हरीचा फोन नंबर काढायचा, जोडलेल्या ॲप्सची परवानगी रद्द करायची. दहा मिनिटांत माणूस बाहेर, फायली आत. (त्याने आधीच उतरवून नेलेलं मात्र डिलीट करूनही परत येत नाही.) सस्पेंड करणं त्याहून सोपं, फक्त तेव्हा त्या पत्त्यावर येणाऱ्या मेल परत जातात, ऑर्डरीसकट. म्हणून महिनाभर खातं कुलपात चालू ठेवावं आणि मेल दुसऱ्याकडे वळवाव्यात. मग ड्राइव्हची मालकी बदलावी, कोणाची शीट अडकत नाही ना ते पाहावं, आणि शेवटी डिलीट. जुना पत्ता नंतर दुसऱ्याच्या खात्याला टोपणपत्ता म्हणून फुकटात जोडता येतो.

"पण महिन्याचं भाडं?" हा शेठचा खरा आक्षेप. सस्पेंड केलं तरी ते चालूच राहतं, इथे शेठ बरोबर आहेत. फक्त ते भाडं एका खात्याचं, एका महिन्याचं असतं, आणि बुडालेल्या शीटमध्ये वर्षाची उधारी असते. एवढा हिशोब शेठना नक्की येतो. नवल हे, की इतक्या तडफेने खातं पुसणाऱ्या शेठच्या दुकानातला वाय-फायचा पासवर्ड मात्र दुकान उघडल्यापासून तोच आहे, आणि गेलेला माणूस व्हॉट्सॲपच्या 'स्टाफ' ग्रुपचा अजून ॲडमिन आहे.