टाचणातली गुणी मुलं

बी.एड.च्या पाठ टाचणात ‘अपेक्षित विद्यार्थी प्रतिसाद’ असा रकाना असतो. तिथली मुलं फार गुणी. अपूर्णांक विचारला की अंश-छेदासकट व्याख्या सांगतात. वर्गातली विचारतात, ‘बाई, समास आखायचा का?’

35 मिनिटांच्या तासात प्रस्तावनेला 5 मिनिटं दिलेली. ती हजेरीत, वह्या काढण्यात आणि मागच्या बाकावरच्या पेनाच्या तंट्यात जातात. या कामांना टाचणात जागाच नाही. शैक्षणिक साधन म्हणून घडी घालायचे कागद आणलेले असतात. ते आधी वाटले आणि सूचना नंतर दिली, की चतकोराऐवजी विमानं तयार होतात. कागद कोणी वाटायचे, कधी वाटायचे, हे कुठल्या उद्दिष्टाखाली लिहिणार? घंटा होते, मूल्यमापन राहून जातं. मागे बसलेले निरीक्षक शेरा देतात : ‘हेतुकथन अधोरेखित नाही.’