अट कोणती आणि गुण कशाचे

मुलचेऱ्यात अंगणवाडी सेविकेच्या भरतीची जाहिरात लागली की झेरॉक्सच्या दुकानात तिचे फोटो निघतात आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. बारावी झालेली बाई त्यात 'पदवी', 'डी.एड.', 'बी.एड.', 'एमएस-सीआयटी' हे शब्द वाचते आणि 'आपल्याला कुठून मिळणार' म्हणून फोन बंद करते. जाहिरात तिला नाही म्हणालेलीच नसते. तिने तक्ता पात्रतेचा समजून वाचला, तो होता गुणांचा.

ही गफलत दर भरतीला होते आणि तिचा फटका नेमका त्याच बाईला बसतो, जिच्यासाठी हे पद गावात ठेवले आहे. म्हणून जाहिरातीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे माझ्याकडे नसेल तर काय होईल? अर्ज छाननीत बाद होईल, नुसते गुण कमी पडतील, की नेमणुकीनंतर पूर्ण करायला मुदत मिळेल?

अंगणवाडीच्या जाहिरातीत अर्ज बाद करणाऱ्या अटी थोड्याच आहेत. 2 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने सेविकेसाठी किमान शिक्षण दहावीवरून बारावी झाले. वय 18 ते 35, विधवा असल्यास 40 पर्यंत. हयात अपत्ये दोनपेक्षा जास्त नकोत. आणि सर्वांत कडक अट रहिवासाची: उमेदवार त्याच महसुली गावची हवी. गटग्रामपंचायत एक असली तरी शेजारचे गाव चालत नाही. सदस्यांनी, सरपंचांनी कितीही शब्द टाकला तरी हे बदलत नाही.

मुलचेऱ्यात आणखी एक अट नीट वाचावी लागते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती या तालुक्यात आहेत, गोंडी आणि माडिया बोलणारी गावे आहेत, तेलुगू कानावर पडते. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त मुले मराठीशिवाय दुसरी भाषा बोलतात, तिथे सेविकेला मराठीबरोबर ती भाषाही यावी, असे भरतीचे नियम सांगतात. ही ओळ शोभेची नाही. तीन वर्षांच्या मुलाला भूक लागली, पोट दुखले, हे कोणत्या भाषेत कळणार? इथे भाषा ही कामाचीच गरज आहे, आणि त्याच वस्तीतल्या बाईला ती फुकट मिळालेली पात्रता आहे. गंमत अशी की पदवीच्या ओळीला घाबरणारी बाई ही ओळ वाचतच नाही.

आता गुणांकडे या. बारावीच्या टक्क्यांना मोठा वाटा असतो, पदवी, अध्यापन पदविका, संगणक परीक्षा यांना छोटा. विधवा, अनाथ, मागास प्रवर्ग, पूर्वीचा अनुभव यांना वेगळे गुण. आकडे प्रत्येकीने आपल्या हातातल्या जाहिरातीतून घ्यावेत, पण हिशोब कसा चालतो ते पाहू. समजा, तक्त्यात 50 ते 60 टक्क्यांना 45 गुण आहेत, 60 ते 70 टक्क्यांना 50, पदवीला 5 आणि संगणक परीक्षेला 2. एकीला बारावीत 62 टक्के, पदवी नाही, संगणक नाही: 50 गुण. दुसरीला 54 टक्के, पण पदवी आणि संगणक दोन्ही: 52 गुण. एवढ्या जय्यत तयारीचा फरक दोन गुणांचा. पहिलीला प्रवर्गाचे किंवा मदतनीस म्हणून केलेल्या कामाचे गुण मिळत असतील आणि दुसरीला नसतील, तर यादी उलटते. संगणकाचे दोन गुण मिळवायला घाईघाईत शिकवणीचे पैसे भरण्यापूर्वी हा हिशोब कागदावर मांडावा. शेवटच्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र हातात येणार नसेल तर या भरतीत ते पैसे वाया जातात.

यात एक गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. रहिवासाची अट कडक असल्याने स्पर्धा तालुक्याची उरत नाही, गावाची होते. मुलचेरा शहरातली बी.एड. झालेली मुलगी गोमणीच्या किंवा सुंदरनगरच्या जागेसाठी तुमच्यापुढे उभी राहूच शकत नाही. म्हणून विचार करायचा तो एवढाच: आपल्या गावात बारावी झालेल्या, वयात बसणाऱ्या, अपत्यांच्या अटीत बसणाऱ्या किती जणी आहेत? लहान गावात ही नावे बोटांवर मोजता येतात. त्या चार-पाच जणींत पदवीधर एकही नसेल तर पदवीचे गुण कोणालाच मिळणार नाहीत.

धोका आहे तो कागदांत. लग्न होऊन आलेल्या बाईचा दाखला माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या नावाने, मतदार यादीत नाव अजून माहेरच्या गावी. ती इथे दहा वर्षे राहते हे सगळे गाव जाणते, पण छाननी कागदावर होते. रहिवासाचा दाखला, विवाह नोंदणी किंवा नावबदलाचा पुरावा अर्जाबरोबरच जोडावा. बहुतेक जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते की नंतर आणलेले कागद विचारात घेणार नाहीत. ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, म्हणून मी शेवटचे पान आधी वाचायला सांगतो.

हीच कसोटी दुसऱ्या भरतींनाही लावा. 2023 च्या तलाठी भरतीत संगणकाची परीक्षा आवश्यक लिहिली होती, पण नसेल त्याला नेमणुकीपासून दोन वर्षांत ती पूर्ण करता येणार होती. ती अट पाहून घरी बसलेला पदवीधर चुकला. त्याच वर्षीच्या वनरक्षक भरतीत उलटे होते: बारावी हवी, पण विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी पुरत होती. अशी सूट नसलेला आणि या चारपैकी एकही विषय न घेतलेला उमेदवार कितीही वेगाने धावला तरी बाद. शुल्क भरण्याआधी गुणपत्रिकेवरचे विषय तपासले असते तर एवढा खर्च आणि धावण्याचा सराव वाचला असता.

खासगी जाहिरातीत मात्र गुणांचा तक्ता नसतो, म्हणून तिथे मनात येईल ते लिहिले जाते. बचतगटांना कर्ज देणाऱ्या संस्थेला वसुली प्रतिनिधी हवा असतो. जाहिरातीत पदवीधर, दोन वर्षांचा अनुभव, इंग्रजी, संगणक, स्वतःची दुचाकी आणि लायसन्स असे सगळे एका दमात येते. काम काय, ते डोळ्यांसमोर आणा: सकाळी लगामच्या बाजूच्या गावांत जाऊन हप्ता गोळा करणे, पावती देणे, संध्याकाळी भरणा करणे. दुचाकी आणि लायसन्सशिवाय पहिला दिवसही निघत नाही, त्या खऱ्या अटी. हिशोब अचूक असणे खरी अट, जी लिहिलेलीच नसते. इंग्रजी या कामात दिवसभर कुठे लागत नाही. अनुभवाची ओळ अशा जाहिरातीत बहुधा 'असला तर बरे' म्हणून घातलेली असते. पदवीचे मात्र विचारूनच कळते, कारण काही संस्थांचा अर्जच पदवीशिवाय पुढे सरकत नाही. जाहिरातीत फोन नंबर असतो. सरळ विचारावे: गाडी आहे, लायसन्स आहे, बारावी आहे, पदवी नाही, अर्ज घ्याल का? 'पाठवा' म्हणाले तर त्याच दिवशी अर्ज पाठवावा. 'पदवी नसेल तर घेत नाही' म्हणाले तर आलापल्लीला मुलाखतीला जायचे बसभाडे तरी वाचले.